आडव्यातून उभा

जळगावात आमचं शूटिंगचं दुकान आहे. दुकानात दोन माणसं काम करतात आणि त्यांचं एकमेकांशी लग्न झालेलं आहे. आमचे हे कॅमेरा धरतात आणि मी कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी आणलेलं निस्तरते. संसारातही कामाची वाटणी साधारण अशीच आहे.

ह्यांचं शूटिंग वाईट नाही. खोटं कशाला बोलू? उजेड त्यांना कळतो, हात स्थिर आहे, नवरी रडायच्या आधी दोन सेकंद कॅमेरा तिच्यावर पोचलेला असतो. पण सगळी हयात लग्नं शूट करण्यात गेल्यामुळे एक खोड अंगात मुरली आहे. चौकटीत सगळे आले पाहिजेत. खानदेशातल्या लग्नात कुणाचा मामा कडेला अर्धा कापला गेला तर तो मामा पुढची दहा वर्षं ते विसरत नाही, आणि त्याच्या घरचं पुढचं लग्न दुसऱ्याच फोटोग्राफरकडे जातं. म्हणून आमचे हे कुठेही गेले की चार पावलं मागे सरकतात, आहेत तेवढ्या सगळ्यांना रांगेत घेतात आणि जो वयाने सगळ्यात मोठा त्याला खुर्ची देऊन मधोमध बसवतात. हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. झोपेतही तसंच करतील.

लग्नांत हे खपून जायचं. मग रील आली.

आमचा कॅमेरा पाहतो आडवा आणि लोक मोबाईल धरतात उभा. आडव्यातून उभा व्हिडिओ काढायचा म्हणजे उंची सगळी ठेवायची आणि दोन्ही बाजू कापून टाकायच्या. किती कापायच्या? आडव्या चित्राच्या रुंदीचा तिसरा हिस्सासुद्धा उरत नाही. एवढ्याशा फटीत जो बोलतोय तो मधोमध दिसला पाहिजे, हलला तर त्याच्यामागे फट सरकली पाहिजे, आणि ती सरकते आहे हे बघणाऱ्याला कळता कामा नये. हे काम मी करते. ज्या माणसाने मामाला आत घेण्यासाठी चार पावलं मागे जायची शपथ घेतली आहे, त्याच माणसाचं शूटिंग घेऊन करते. माझा स्वभाव चिडका आहे असं आमच्या नात्यात सगळे म्हणतात. त्यांनी एकदा माझ्या खुर्चीत बसून बघावं.

तर एक बाई दुकानात आली, त्या दिवशीही मी कुणाच्या तरी साखरपुड्यातून एक आत्या कापत होते.

यावलकडच्या एका केळीच्या गावातून एसटीने आली होती. तिशी ओलांडलेली, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत केळीच्या वेफर्सचं पाकीट. बसायच्या आधीच तिने ते पाकीट फोडून माझ्यापुढे धरलं. ‘‘आधी खा ताई, मग बोलू.’’ मी एक खाल्ला. मग बोलणं राहिलं बाजूला, मी पाव पाकीट संपवलं. तेलकट नाही, जाड नाही, मीठ अगदी आतपर्यंत. असे वेफर्स मी विकतचे कधी खाल्लेले नाहीत.

तिचं काम असं होतं. धुळ्याची एक संस्था शिरपूरकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतल्या बायकांना असले पदार्थ शिकवायचा वर्ग सुरू करणार होती. शिकवायला बाई हवी होती. संस्थेच्या ताईंनी इच्छुक बायकांकडून व्हिडिओ मागवले होते. एक पूर्ण व्हिडिओ आडवा, म्हणजे समितीला हॉलमधल्या पडद्यावर बघता येईल, आणि त्यातूनच काढलेली तीन छोटी रील उभी. म्हणजे गावागावांतल्या बायकांना मोबाईलवर दाखवता येतील आणि कुणाकडून शिकायला आवडेल ते त्यांना विचारता येईल. ताईंनी आवाजाचा मेसेज पाठवला होता, तो तिने मला ऐकवला. त्यात त्या दोनदा म्हणत होत्या, रीलमध्ये बोलणारी मधोमध हवी आणि तिचा चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. बायकांना माणूस कळला पाहिजे.

‘‘घरचे वेफर्स आत्ता विकता ना?’’ मी विचारलं.

‘‘विकतात. आबा विकतात.’’ आबा म्हणजे तिचे सासरे. ‘‘व्यापारी येतो, तो आबांशी बोलतो. तारीफ आबांची करतो. मी आतून चहा पाठवते.’’ हे तिने तक्रारीच्या सुरात नाही सांगितलं. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाली, ‘‘मले शिकवायचं आहे ताई. मी केलेलं मी सांगायचं आहे. एवढंच.’’

मला ती तिथेच आवडली. मी आवडलं की लगेच हो म्हणते आणि मग निस्तरत बसते, ही माझी दुसरी खोड.

घरून परवानगी मिळाली होती, पण एका अटीवर. शूटिंग घरच्या अंगणात होईल आणि आबा समोर बसतील. माझ्या डोक्यावर तेव्हा एका लग्नाच्या डिलिव्हरीचा डोंगर होता, म्हणून ह्यांना एकट्याला पाठवलं. जाताना बजावलं, ‘‘बाई मधोमध. चेहरा. ऐकताय ना?’’

‘‘मला काय आज कॅमेरा धरायला शिकवतेस?’’ असं म्हणून हे गेले.

संध्याकाळी फार खुशीत आले. आबांनी जेवायला घातलं होतं, भरीत आणि कळण्याची भाकरी. आबा फार मोठा माणूस, आबांचा शब्द गावात चालतो, आबांनी निघताना केळीचा घड दिला. मी घड बाजूला ठेवला आणि कार्ड लावलं.

चौकटीच्या मधोमध आबा बसले होते.

पांढरा सदरा, टोपी, पिळदार मिशी, दोन्ही हात गुडघ्यांवर. एखाद्या सत्काराला बसावेत तसे. त्यांच्या उजवीकडे थोडी मागे शेगडी, शेगडीजवळ ती. तिच्यामागे भिंतीवर खताच्या कंपनीचं कॅलेंडर, त्यात एक हसरा शेतकरी. डावीकडे दीर, दिराची पोरं, शेजारचं कुणीतरी, दावणीची म्हैस. एवढ्या गर्दीत शिकवणारी कोण हे ओळखायला आवाज कुठून येतोय ते शोधावं लागत होतं.

‘‘हे काय आहे?’’

‘‘सगळे आलेत,’’ हे म्हणाले.

‘‘म्हैससुद्धा आली आहे!’’

‘‘तिला कुठे घालवू? तिचं घर आहे ते.’’

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, असो, कापून काढू. माझ्याकडे एक बटण आहे. ते आडव्या व्हिडिओचा आपोआप उभा करून देतं. चित्रातला चेहरा शोधतं आणि चेहरा जिकडे जाईल तिकडे चौकट सरकवतं. एक माणूस बोलत असेल तर छान काम करतं. दाबलं बटण.

बटणाने पहिल्या फटक्यात आबा निवडले.

आबा मधोमध, टोपीपासून चपलांपर्यंत, आणि आवाज तिचा. मिशीवाला माणूस तोंड न उघडता बाईच्या आवाजात सांगतोय, ‘‘केळी हिरवी कच्चीच घ्यायची, तोडल्यावर जास्त दिवस ठेवायची नाही. ठेवली की आतून गोड होते अन् गोड केळी तेलात काळी पडते.’’ मध्येच आबा खाकरायला खाली वाकले, त्यांचा चेहरा दिसेनासा झाला, तर चौकट सरसर सरकून कॅलेंडरमधल्या हसऱ्या शेतकऱ्यावर जाऊन थांबली. आबा सरळ झाले, चौकट परत आबांवर. तिच्या अंगावरून ती दोनदा गेली आणि एकदाही थांबली नाही.

आमचे हे खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले हसून. मला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की विचारू नका.

कारण मी नीट पाहिलं तेव्हा कळलं की बटणाची चूक नव्हती. त्यांच्या घरात सासऱ्यांसमोर पदर कपाळावरून खाली ओढून घ्यायची पद्धत. तिने तो नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढला होता. यंत्राला चेहरा शोधायला सांगितलं, तिथे चेहरा नव्हताच. हिरवं कापड होतं आणि कापडातून आवाज येत होता.

तरी मी हाताने करून पाहिलं. हाताने करायचं म्हणजे व्हिडिओत जिथे जिथे माणूस हलतो तिथे तिथे खूण ठेवायची, इथे चौकट एवढी डावीकडे, इथे एवढी उजवीकडे, आणि मधला प्रवास हळुवार करायचा. खुणा फार झाल्या की बघणाऱ्याला बस लागल्यासारखं होतं. म्हणून नवशिके करतात तसं प्रत्येक हालचालीमागे धावायचं नाही. माणूस मधल्या पट्ट्यात आहे तोवर चौकट स्थिर ठेवायची, पट्ट्याबाहेर गेला तरच हलवायची. डोळे मधोमध नाही, जरा वर ठेवायचे, कारण रीलच्या खाली नाव आणि मजकूर येतो, उजव्या कडेला बदामाची बटणं येतात. हे सगळं मी केलं. ती मधोमध आली.

ती आली आणि आबांचा गुडघा आला. डाव्या कडेला अर्धी मिशी आली. त्यांना टाळायला चौकट उजवीकडे घेतली तर शेगडीवरची कढई बाहेर गेली, आणि वेफर्स शिकवणाऱ्या बाईची कढईच दिसत नसेल तर काय शिकवणार, श्लोक? अजून जवळ जावं म्हणून चित्र मोठं केलं, तर ते धुरकट झालं. मुळात लांबून घेतलेलं, त्यात ह्यांनी कार्ड लवकर भरतं म्हणून कमी दर्जावर घेतलेलं. एवढी मारामारी करून काय मिळालं, तर अगदी मधोमध, धुरकट, हिरवा पदर.

‘‘पूर्ण आडवा तसाच ठेवू, वरखाली धूसर पट्टे लावू,’’ हे म्हणाले. ‘‘म्हणजे कुणीच कापलं जाणार नाही.’’

‘‘म्हणजे मोबाईलवर ती मुंगीएवढी दिसेल. सगळ्यांसकट.’’

‘‘सगळ्यांसकट,’’ हे समाधानाने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन लावला आणि स्पष्ट सांगितलं की ह्यातून काही निघणार नाही, परत शूट करावं लागेल. ती म्हणाली, ‘‘आबांना तर फार आवडलं.’’

‘‘आबांनी कुठे पाहिलं?’’

इथे आमचे हे उठून पाणी प्यायला गेले. लग्नात नमुना आधी घरच्या मोठ्या माणसाला पाठवायचा असतो, त्या सवयीने ह्यांनी बटणाने केलेलं रील आबांच्या मोबाईलवर पाठवून दिलं होतं. आबांनी ते गावाच्या ग्रुपवर टाकलं. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. भजनी मंडळाच्या ग्रुपवरही टाकलं. आणि गाव आबांना रस्त्यात थांबवून सांगत होतं, आबा, वेफर्सचं लय भारी सांगितलं. आबा म्हणत होते, असं आहे ते. आवाज बाईचा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं नाही. पण त्या गावात तिचं काम आबांच्या तोंडून ऐकायची लोकांना सवयच होती, त्यामुळे कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नसावं.

‘‘आबा म्हणतात हेच धुळ्याला पाठवा,’’ ती म्हणाली. ‘‘दुसरं करायचं काम नाही म्हणतात.’’

‘‘आणि तू काय म्हणतेस?’’

‘‘हे गेलं तर मले कोण घेईल ताई? मी कुठे आहे त्याच्यात?’’ आवाज पहिल्यांदा हलला तिचा. ‘‘परत असं कुणी विचारणार नाही.’’

आता मी चिडले की माझं डोकं बरं चालतं. मी ह्यांना म्हटलं, उद्या सकाळी दोघंही जायचं. हे म्हणाले, दुकान? मी म्हटलं, दुकान काय पळून जातं? ह्यांनी केलेल्या पराक्रमामुळे त्या दिवशी त्यांनी वाद घातला नाही.

निघताना काळ्या चिकटपट्टीचं रिळ बरोबर घेतलं.

गावात पोचलो तर आबा ओट्यावर वाट बघत होते, पहिल्यापेक्षा कडक इस्त्रीचा सदरा घालून. माणूस खरंच रुबाबदार, त्यात वाद नाही. ‘‘आता कायले आले परत? चांगलं तर झालं,’’ म्हणाले.

मी म्हटलं, ‘‘आबा, चांगलं झालं, पण धुळ्याच्या मोठ्या पडद्यावर धुरकट दिसेल. तुम्ही धुरकट दिसलेलं आम्हाला चालणार नाही.’’

हे त्यांना पटलं. खोटं नव्हतंच मुळी. धुरकट दिसलंच असतं.

मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी चिकटपट्टीच्या दोन उभ्या पट्ट्या लावल्या, मध्ये रीलएवढी जागा सोडून. आबांना बोलावून दाखवलं. ‘‘हे बघा आबा. पट्ट्यांच्या आतलं मोबाईलवर जाणार. आतलं आणि बाहेरचं मिळून सगळं, ते हॉलच्या मोठ्या पडद्यावर. तुम्ही इथे, डावीकडे बसणार, पूर्ण. टोपीपासून चपलांपर्यंत. तुमचा काही म्हणजे काही भाग कापला जाणार नाही.’’

आबांनी पडद्यात डोकावून पाहिलं. ‘‘म्हणजे मी मोठ्या पडद्यावर.’’

‘‘मोठ्या.’’

‘‘अन् ही मोबाईलवर.’’

‘‘हो.’’

विचार करून ‘‘बरं,’’ म्हणाले. आमचे हे माझ्याकडे असे बघत होते, जणू लग्नानंतर पहिल्यांदाच बघत आहेत.

ह्या वेळी कॅमेरा जवळ आणला, दर्जा सगळ्यात वरचा ठेवला, कार्ड भरलं तर भरू दे. दीर, पोरं, शेजारी सगळ्यांना ‘चहा टाका’ म्हणून आत पिटाळलं. कॅलेंडर उतरवलं. शेगडी तिच्या बाजूला होती ती तिच्या समोर, खाली आणली. उभ्या चित्रात बाजूला जागा नसते, खाली असते. वर चेहरा, मध्ये हात, खाली कढई, सगळं एका रेषेत. म्हशीला कुणी हलवलं नाही, पण ती आता आबांच्याही पलीकडे गेली.

तेल तापलं. ती बसली. पट्ट्यांच्या बरोबर मधोमध. हे म्हणाले, ‘‘रोलिंग,’’ आणि तिने सवयीने पदर ओढून घेतला. नाकापर्यंत.

मी कट म्हटलं. परत घेतलं. परत तेच. तिचा हातच ऐकत नव्हता. आबा डावीकडे हातभर अंतरावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले.

‘‘दिसत नाही,’’ मी म्हटलं. तेल कढईत बारीक आवाज करत होतं. ‘‘अगं, मी यावलपर्यंत पदर शूट करायला नाही आले! शिरपूरच्या बायकांना काय कापडाकडून शिकायचंय का?’’

बोलून गेले. आमच्या ह्यांनी डोळे मिटून घेतले. परक्या घरात, सासऱ्यासमोर, त्यांच्या पद्धतीवर. आबांच्या मिशीचं टोक हललं.

ती खाली बघत होती. कढईकडे. मग तिने दोन्ही हातांनी पदर धरला आणि मागे नेला, केसांच्या रेषेपर्यंत. डोक्यावरून काढला नाही, फक्त चेहऱ्यावरून काढला. आणि वर, सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. कपाळावर घामाचे थेंब, गाल तापलेले, डोळे भीतीने एवढे मोठे. पण बोलायला लागली. ‘‘नमस्कार. केळी सोलून पाण्यात ठेवा. खिसणी कढईवरच धरायची अन् काप थेट तेलात पडू द्यायचे. एकावर एक पडले की चिकटतात. तेलाचा फेस जरा बसला की मिठाचं पाणी चमच्याने तेलातच सोडायचं. घाबरायचं नाही, तडतडतं. तडतड थांबली की काढायचे.’’ तिने मिठाचं पाणी सोडलं, कढई फुत्कारली, तिने मान मागे न घेता हसून कॅमेऱ्याकडे पाहिलं. ‘‘बघा. काही होत नाही.’’

मी पट्ट्यांच्या आत बघत होते. तिथे फक्त ती होती.

आणि पट्ट्यांच्या बाहेर आबा. सुनेचा चेहरा उघडा झाला तसं त्यांनी तोंड फिरवलं, पलीकडे, म्हशीकडे. तशीच रीत असते. सुनेने पदर घ्यायचा आणि नाही घेतला तर सासऱ्याने बघायचं नाही. तिन्ही रीलचं बोलणं होईपर्यंत ते एकटक म्हशीकडे बघत बसले. उठले मात्र नाहीत. उठले असते तर मोठ्या पडद्यावरून गेले असते.

आवराआवर करताना आबा ह्यांना हळूच म्हणाले, पण मला ऐकू आलं, ‘‘भाऊ, हे धुळ्यालेच जाईल ना? गावात नको. लोकं काय म्हणतील, आबाच्या घरातली तोंड उघडून...’’

‘‘नाही नाही, गावात कशाला,’’ हे म्हणाले. आमचे हे सगळ्यांना हो म्हणतात.

ती शेगडी विझवत होती. तिथूनच म्हणाली, ‘‘गावात बी जाईल, आबा.’’

तिला आबांशी असं समोरासमोर बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ह्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्या अंगणानेही पहिल्यांदाच ऐकलं असावं. पदर परत खाली आला होता, आवाज त्याच्या आतून येत होता, पण काही हलत नव्हता. ‘‘मोबाईलवर गेलं की सगळीकडे जातं. तोंड झाकून मले शिकवता येत नाही.’’

आबा घरात निघून गेले. निरोप द्यायला बाहेर आले नाहीत. केळीचा घडही मिळाला नाही.

गाडीपर्यंत ती सोडायला आली. मी विचारलं, ‘‘पाठवू ना? विचार कर. घरात तुला राहायचंय, मला नाही.’’

‘‘पाठवा,’’ ती म्हणाली आणि लगेच वळली.

दुकानात येऊन मी कॉम्प्युटर लावला. हाताने खुणा ठेवायची तयारी करून बसले होते, पण आधी गंमत म्हणून बटण दाबलं. बटण सरळ तिच्यावर गेलं आणि शेवटपर्यंत तिथून हललं नाही. चौकटीत दुसरा चेहराच नव्हता. आबांचा होता तो म्हशीच्या दिशेने, आणि म्हशीचा बटणाला कळत नाही. मी फक्त डोळे जरा वर घेतले, तिच्या बोलण्याची अक्षरं कढईच्या वर टाकली आणि पाठवून दिलं. आडवा पूर्ण, उभी तीन.

त्यानंतर तिचा फोन नाही. मी लावला तर बंद. मला काही सुचेना. ह्यांना म्हटलं, मी उगाच बोलले का तिथे? हे म्हणाले, ‘‘तू उगाच न बोलता कधी राहिली आहेस?’’ आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘पण बरं बोललीस.’’ तरी एखाद्या घरात आपण एक पदर मागे सरकवायला लावावा आणि मग त्या घराचं दार आपल्यासाठीच नाही, तिच्यासाठीही बंद व्हावं, असं काहीबाही मनात येत राहिलं.

मग एका सकाळी धुळ्याच्या ताईंचा फोन आला. व्हिडिओ पाठवणारी म्हणून माझा नंबर त्यांच्याकडे होता. गावातल्या बायकांना रील दाखवून झाली होती. बायकांनी हिचंच नाव घेतलं म्हणाल्या. जी मिठाच्या पाण्याला घाबरत नाही ती बाई पाठवा, असं बायकांचं म्हणणं. पुढच्या आठवड्यात शिरपूरला यायचंय. पण बाईंचा फोन लागत नाहीये, तुम्ही कळवाल का?

माझ्याकडे तिचा नंबर होता, तो बंद. दुसरा नंबर आबांचा. मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग ‘लावते तर खरं, खातील का मला’ असं मोठ्याने म्हणून लावला.

‘‘कोण?’’ आबा.

मी सांगितलं कोण ते. मग आबा म्हणाले, ‘‘त्या मोठ्या पडद्यावरच्यात मी हाये ना?’’

‘‘आहात आबा. डावीकडे. पूर्ण आहात.’’

‘‘लोकायनं पाह्यलं का?’’

‘‘पाहिलं असेल.’’ म्हशीकडे बघताय हे मी सांगितलं नाही. ‘‘आबा, तिच्याशी बोलायचं होतं. तिचा फोन...’’

‘‘पाण्यात पडला तिचा फोन. दुरुस्तीले दिला हाये.’’ म्हणजे एवढंच होतं होय! मी इकडे काय काय मनात आणून बसले होते. आबांनी आत हाक मारली, ‘‘ओ बाई, तुझा फोन,’’ आणि ती आली. तिच्या ‘हॅलो’त धाप होती.

मी एका दमात सांगून टाकलं. शिरपूर, पुढचा आठवडा, बायकांनी नाव घेतलं.

तिने आधी एकच विचारलं.

‘‘ताई,’’ ती म्हणाली, ‘‘त्या बायकांनी आडवा पाहून घेतलं, का उभा पाहून?’’

‘‘उभा,’’ मी म्हटलं. ‘‘मोबाईलवर. फक्त तू होतीस त्यात.’’

पलीकडे मागे आबा विचारत होते, काय म्हणतात, काय म्हणतात म्हणून. तिने फोन तोंडापासून दूर धरला असावा, पण मला सगळं ऐकू आलं.

‘‘मले घेतलं, आबा,’’ ती म्हणाली. ‘‘मलेच.’’